बोट कशात चेपलं

बोट चेपलं त्या रात्री मला इंग्रजीत एकच वाक्य लिहायचं होतं आणि रात्रीचे अकरा वाजले तरी ते जमत नव्हतं. डाव्या हाताला बँडेज होतं. उजव्या हाताच्या अंगठ्याने मी मोबाइलवर टाइप करत होतो, खोडत होतो, परत टाइप करत होतो.

मी चिपळूणकडचा. आयटीआयला फिटर ट्रेड केला, दोन वर्षं लोट्याला एका कंपनीत काढली आणि मग सिंगापूरला आलो. तुआसच्या बाजूला जहाजांची दुरुस्ती चालते, तिथे पाइप फिटर. दिवसभर इंग्रजी कानावर पडतं, पण ते कामापुरतं. ‘होल्ड’, ‘स्लोली’, ‘टायटन’, ‘फिनिश ऑलरेडी’. अशा इंग्रजीवर मी तीन वर्षं आरामात जगलो. पूर्ण वाक्य लिहायची वेळ आलीच नव्हती.

१४ मार्च २०२३, मंगळवार. आम्ही तिघं जहाजाच्या इंजिनरूममध्ये सहा इंची पाइपचा एक तुकडा बसवत होतो. पाइपच्या टोकाला लोखंडी चकती असते, तिला फ्लँज म्हणतात. दोन पाइपांच्या फ्लँज समोरासमोर आणायच्या, भोकाला भोक जुळवायचं आणि नटबोल्ट आवळायचे. वरचा तुकडा चेनब्लॉकला टांगलेला असतो. साखळी ओढत तो हळूहळू खाली सोडतात. भोकं जुळली की नाही हे बघायला एका टोकाला निमुळता दांडा असलेला पाना मिळतो. तो भोकात घालायचा. बोट घालायचं नाही, हे रोज सकाळच्या मीटिंगमध्ये सांगतात.

मी बोट घातलं. पाना दोन हात लांब पडला होता, उठायचा कंटाळा केला, एवढंच कारण. साखळी एक घर जास्त सुटली, पाइप हलला आणि बोट दोन फ्लँजच्या मध्ये गेलं. दुखायला थोडा वेळ लागतो. आधी फक्त गरम वाटलं. हातमोजा काढला तेव्हा नख अर्धं उचललेलं होतं.

सुपरवायझर मला स्वतःच्या गाडीतून क्लिनिकला घेऊन गेला. माणूस तसा वाईट नव्हता. वाटेत त्याने मला पाण्याची बाटली घेऊन दिली. पण डॉक्टरने ‘काय झालं?’ विचारल्यावर मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, ‘डोअर, डॉक्टर. डोअर.’ डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की दुखत होतं म्हणून, ते आजही मला सांगता येणार नाही. डॉक्टरने ड्रेसिंग केलं, गोळ्या दिल्या आणि दोन दिवसांची मेडिकल लीव्ह लिहून दिली. परत येताना सुपरवायझर म्हणाला, डॉर्मचा दरवाजा लागला म्हण, उगाच कागदपत्रं वाढतात, दोन दिवसांनी हलकं काम देतो. मी बरं म्हणालो.

आमच्या खोलीत बारीसालचा एक भाई होता. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, सिंगापूरमध्ये मुरलेला. त्याच्या पाठीला काही वर्षांपूर्वी लागलं होतं, आणि त्या वेळी काहीच न लिहिल्यामुळे त्याचे बरेच हाल झाले होते. आम्ही एकमेकांशी मोडक्या हिंदीत बोलायचो. मी दरवाज्याचं सांगितलं तेव्हा तो चिडला. म्हणाला, दरवाजा डॉर्मचा म्हणजे लागलं कामावर नाही. कामावर नाही म्हणजे उद्या बोट सडलं तरी तुझ्या खिशातून. आज रात्रीच लिही. सुपरवायझरला नको, ऑफिसमधल्या मॅडमला लिही. आणि व्हॉट्सॲपवर बोलून पाठवू नकोस, ईमेल कर. ईमेलला तारीख असते.

तारखेचं महत्त्व मला त्याने त्या रात्री समजावलं. सिंगापूरच्या कायद्यात, कामावर झालेल्या इजेमुळे डॉक्टरने सुट्टी किंवा हलकं काम लिहून दिलं, तर कंपनीला ते मनुष्यबळ मंत्रालयाला कळवावं लागतं, आणि त्यासाठी कंपनीला इजा समजल्यापासून दहा दिवस असतात. ‘समजल्यापासून’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. तोंडी सांगितलं तर कधी समजलं यावर वाद घालता येतो, ईमेलवर घालता येत नाही. भरपाईचा दावा करायला कामगाराला अपघातापासून एक वर्ष मिळतं, पण वर्षभराने दरवाज्याचा फ्लँज करणं कोणाला जमणार?

म्हणून मी लिहायला बसलो. पहिला मसुदा अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. तो असा सुरू होतो: ‘रिस्पेक्टेड मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट आय मेट विथ ॲन ॲक्सिडेंट अँड माय हँड इज पेनिंग टू मच.’ दहावीच्या पेपरात रजेचा अर्ज असायचा ना, पाच मार्कांचा? मी तोच लिहीत होतो. पुढे दोनदा ‘सॉरी फॉर इनकन्व्हिनियन्स’ होतं आणि शेवटी ‘प्लीज डू द नीडफुल’. काय झालं, कुठे झालं, किती वाजता झालं, यातलं एकही अक्षर नव्हतं.

मी तो मसुदा ताईला पाठवला. ताई म्हणजे माझी चुलतबहीण, आमच्याकडे शाळेत इंग्रजी शिकवते. इथले साडेनऊ म्हणजे तिकडचे सात. तिने लगेच फोन केला.

“अरे, तुला लागलंय की तू नोकरीचा अर्ज करतोयस?” म्हणाली. “बेग कशाला करतोस? आणि सॉरी कोणाला म्हणतोस? आधी मला मराठीत सांग, काय झालं.”

मी म्हणालो, “बोट चेपलं.”

“कोणतं बोट, कोणत्या हाताचं, कशात?”

इथून आमचं खरं काम सुरू झालं. मराठीत आपण ‘बोट चेपलं’ म्हणतो आणि वाक्य पूर्ण होतं. कोणी चेपलं, कशाने चेपलं, हे सांगायची गरज पडत नाही. ‘मला लागलं’, ‘हात भाजला’, ‘पाय मुरगळला’, सगळं आपोआप होतं. इंग्रजीत ‘आय क्रश्ड माय फिंगर’ लिहिलं तर ते वाक्य बरोबरच आहे, ताईने सांगितलं. इंग्रजी माणसं असंच बोलतात आणि त्यात कबुली नसते. पण माझ्या कानाला ते ‘मी माझं बोट चेपलं’ असं लागत होतं आणि मला ते लिहवत नव्हतं. दुसऱ्या बाजूने ‘द कंपनी क्रश्ड माय फिंगर’ हेही खरं नव्हतं. ताई म्हणाली, “मग बोटाला कर्ता कर. आणि कशात चेपलं ते पुढे जोड.” त्यातून ते वाक्य आलं, ज्यासाठी मी रात्रभर बसलो होतो: ‘माय लेफ्ट रिंग फिंगर वॉज क्रश्ड बिट्वीन टू फ्लँजेस.’ कोणावर आरोप नाही, कोणाची माफी नाही. आणि दरवाज्याला त्या वाक्यात शिरायला जागाच नाही.

‘रिंग फिंगर’वरही पाच मिनिटं गेली. मी आधी ‘थर्ड फिंगर’ लिहिलं होतं. ताईने विचारलं, तिसरं कुठून मोजलंस? अंगठा धरून की सोडून? अंगठा धरला तर तिसरं बोट मधलं होतं, सोडला तर अनामिका. मंत्रालयाच्या फॉर्मवर एक बोट, डॉक्टरच्या रिपोर्टवर दुसरं, असं झालं तर विमा कंपनीचा माणूस पहिलं बोट त्यावरच ठेवणार. कायमचं अधूपण राहिलं तर भरपाई टक्क्यांवर ठरते, आणि ते टक्के डॉक्टर ठरलेल्या अवयवाचेच मोजतो. आपल्याकडे ज्या बोटाला अनामिका, म्हणजे बिननावाची म्हणतात, तिला इंग्रजीत नाव आहे आणि ते लिहिलंच पाहिजे, हे मला तेव्हा कळलं. ‘माय हँड’ तर अजिबात नको.

‘पेनिंग’ तिने काढून टाकलं. इंग्रजीत बोट ‘पेनिंग’ करत नाही. ‘माय फिंगर हर्ट्स’ किंवा ‘आय हॅव पेन इन माय फिंगर’. हे तसं छोटं आहे. ‘पेनिंग’ लिहिलं असतं तरी मॅडमना कळलंच असतं. पण काळाची चूक छोटी नसते. मी ‘आय ॲम चेकिंग द होल अँड पाइप इज कमिंग’ असं सगळं आत्ता चालू असल्यासारखं लिहिलं होतं. घडून गेलेली गोष्ट भूतकाळात, आत्ता जे आहे ते वर्तमानात, एवढं ताईने पाळायला लावलं. त्याने एक फायदा झाला. ‘चालू होतं’ आणि ‘झालं’ वेगळे झाले: पाइप खाली सोडला जात होता, मी भोकं तपासत होतो, पाइप हलला, बोट चेपलं. आधी दोन चालू क्रिया, मग दोन घडलेल्या. वाचणाऱ्याला चित्र दिसतं.

मग अवघड भाग आला. बोटाने भोक तपासत होतो हे लिहायचं की नाही? मला ते लपवायचं होतं. चूक माझी होती, आणि लिहून दिलं की पैसे तर जातीलच, वर नोकरीही जाईल असं वाटत होतं. मी ताईचा फोन स्पीकरवर टाकला आणि भाईला विचारलं. तो म्हणाला, लिही. इथला इजा-भरपाईचा कायदा चूक कोणाची हे विचारत नाही. दारू पिऊन लागलं, मारामारीत लागलं किंवा मुद्दाम लावून घेतलं, तर गोष्ट वेगळी. बाकी काम करताना लागलं एवढं पुरे. आणि तू लपवलंस, आणि उद्या तुझ्याबरोबरचे दोघं म्हणाले की याने बोट घातलं होतं, तर मग फ्लँजचंही कोण खरं मानेल?

मी लिहिलं. ‘आय वॉज चेकिंग द बोल्ट होल्स विथ माय फिंगर.’ लिहिताना कान गरम झाले होते.

साखळी सोडणारा मुलगा नवीन होता, तमिळ, येऊन चारच महिने झाले होते. त्याचं नाव मला ‘याने साखळी सोडली’ असं लिहायचं नव्हतं. ताईने तिथेही बोटासारखंच वाक्य दिलं, ‘द पाइप वॉज बीइंग लोअर्ड विथ अ चेन ब्लॉक’, आणि त्या दोघांची नावं पुढे ‘माझ्याबरोबर होते’ म्हणून आली. साक्षीदार म्हणून. कंपनीला साखळी कोणी धरली होती हे हवं असेल तर ती विचारेल. मला लपवायचंही नव्हतं आणि बोटही दाखवायचं नव्हतं.

राहिला सुपरवायझर. माझ्या मसुद्यात होतं, ‘सुपरवायझर इज टेलिंग लाय टू डॉक्टर.’ ताई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “तो खोटं बोलला हे तुझं मत. तो काय बोलला हे तुझ्या कानांनी ऐकलेलं. ऐकलेलं लिही, आणि ते बरोबर नाही एवढंच म्हण.” ‘दिस इज नॉट करेक्ट.’ चार शब्द. माणसावर नाही, माहितीवर. मला ते आधी मिळमिळीत वाटलं. पण ‘लाय’ लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळी चर्चा त्या शब्दावरच झाली असती आणि बोट बाजूला राहिलं असतं, हे आता पटतं.

शेवटी पाठवलेला ईमेल असा होता. विषयाच्या ओळीत: ‘वर्क इंज्युरी ऑन १४ मार्च २०२३, लेफ्ट रिंग फिंगर’. तारखेत महिना अक्षरांत लिहायचा हाही ताईचाच हट्ट; जहाजावर अमेरिकन क्लायंट असला की ते महिना आधी लिहितात आणि आकड्यांची अदलाबदल होते.

डिअर मॅडम,
आय ॲम रायटिंग टू रिपोर्ट ॲन इंज्युरी ॲट वर्क.
ऑन ट्यूझडे, १४ मार्च २०२३, ॲट अबाउट ३.४० पी. एम., आय वॉज फिटिंग अ सिक्स-इंच पाइप इन द इंजिन रूम. द पाइप वॉज बीइंग लोअर्ड विथ अ चेन ब्लॉक. आय वॉज चेकिंग द बोल्ट होल्स विथ माय फिंगर. द पाइप मूव्हड अँड माय लेफ्ट रिंग फिंगर वॉज क्रश्ड बिट्वीन टू फ्लँजेस. टू को-वर्कर्स वेअर विथ मी.
माय सुपरवायझर टुक मी टू द क्लिनिक ॲट अबाउट ५ पी. एम. ही टोल्ड द डॉक्टर दॅट अ डोअर हॅड हिट माय फिंगर. दिस इज नॉट करेक्ट. द इंज्युरी हॅपन्ड ऑन द शिप, ड्युअरिंग माय वर्क.
द डॉक्टर गेव्ह मी टू डेज ऑफ मेडिकल लीव्ह. माय फिंगर इज स्वोलन अँड आय स्टिल हॅव पेन.
प्लीज रिपोर्ट दिस इंज्युरी टू द मिनिस्ट्री ऑफ मॅनपॉवर अँड टू द इन्शुरन्स कंपनी. प्लीज रिप्लाय टू दिस ईमेल. आय हॅव अटॅच्ड द मेडिकल सर्टिफिकेट अँड टू फोटोज.
युअर्स फेथफुली,

खाली माझं नाव, वर्क परमिटचा नंबर, मोबाइल. दोघांची नावं तिसऱ्या ओळीच्या शेवटी होती, ती इथे देत नाही.

‘डू द नीडफुल’च्या जागी काय आलं ते पाहा. ‘योग्य ते करा’ म्हटलं की समोरचा योग्य ते ठरवतो, आणि योग्य म्हणजे बहुतेक वेळा काही नाही. ‘मंत्रालयाला कळवा’ म्हटलं की कळवलं किंवा नाही कळवलं, दोनच शक्यता उरतात.

११.५२ ला पाठवला. माझ्या स्वतःच्या ईमेलवरून, आणि एक प्रत ताईला. मग मला झोप लागली नाही, पण ती दुखण्यामुळे.

सकाळी सुपरवायझरचा फोन आला. तो ओरडला नाही. ‘मला आधी सांगायचं ना,’ एवढंच म्हणाला, आणि नंतर तो माझ्याशी कामापलीकडे कधी बोलला नाही. पाण्याची बाटली देणारा माणूस गेला, याचं मला वाईट वाटलं हे खरं आहे. मॅडमचा दोन ओळींचा रिप्लाय दुपारी आला. त्यांनी मला जबाब द्यायला बोलावलं. दोघा साक्षीदारांनाही वेगवेगळं विचारलं. तमिळ मुलाने साखळी आपण धरली होती हे स्वतःहून सांगितलं, आणि माझ्या बोटाचंही सांगितलं. दोन्ही गोष्टी ईमेलमध्ये जुळत होत्या.

तिसऱ्या दिवशी बोट जांभळं झालं तेव्हा मी सरकारी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेलो. एक्स-रेमध्ये शेवटच्या पेराचं हाड मोडलेलं निघालं. तिथे नर्सने विचारलं, कसं झालं? मोबाइल काढला आणि तीच चार वाक्यं वाचून दाखवली. तिने जसंच्या तसं टाइप केलं. किती दिवसांपासून दुखतंय याला मी ‘फ्रॉम थ्री डेज’ म्हणालो, तिने ‘फॉर थ्री डेज’ लिहिलं आणि मी त्या रात्री मॅडमला दुसरा ईमेल लिहिताना ते बरोबर लिहिलं: ‘आय हॅव हॅड पेन फॉर थ्री डेज.’

कंपनीने नवव्या दिवशी कळवलं. एकूण सुट्टी तेवीस दिवस झाली. ॲडमिट न होता घेतलेल्या सुट्टीचे पहिले चौदा दिवस पूर्ण पगार मिळतो आणि पुढे दोन तृतीयांश, आणि पगार म्हणजे नुसता बेसिक नाही, त्यात ओव्हरटाइमची सरासरीही धरतात. आमच्यासारख्यांचा निम्मा पगार ओव्हरटाइमचाच असतो, त्यामुळे हा फरक घरी पाठवायच्या पैशात दिसतो. बोटाचं शेवटचं पेर आता पूर्ण वाकत नाही. त्याचे टक्के किती आले ते मी आई सोडून कोणाला सांगितलेलं नाही.

भाई गेल्या वर्षी कायमचा बारीसालला गेला. आता खोलीतले लोक माझ्याकडे येतात, जणू मीच ताई. मागच्या महिन्यात शेजारच्या खोलीतला एक मुलगा आला. पायावर प्लेट पडली होती. त्याने मोबाइल पुढे केला. लिहिलं होतं, ‘आय इंजर्ड माय लेग.’ त्यांच्या भाषेतही आपल्यासारखाच एकच शब्द आहे की काय कोण जाणे, आपल्याकडे मांडीपासून बोटांपर्यंत सगळा पायच.

मी त्याला म्हणालो, मोजा काढ. कुठून कुठपर्यंत, ते दाखव.